उताऱ्याबाहेरचा बाप

शिवकन्याच्या वर्गावरून कुणी गेलं, तर दोन शब्द हमखास कानावर पडतात. "बोट ठेव." पोरानं उताऱ्याखालच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की ते बरोबर असो नाहीतर चूक, ती आधी हेच म्हणते. ज्या ओळीतून उत्तर आलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. ओळ सापडली तर पुढं बोलायचं. नाही सापडली, तर बरोबर आलेलं उत्तरसुद्धा तिच्या लेखी तुक्काच. मग पोरगं कितीही तोंड वेंगाडो, ती हलत नाही.

पालकांना वाटतं, बाईंना केवढी कळकळ! कळकळ कसली डोंबलाची. मी स्वप्ना, तिच्याच क्लासमध्ये गणित शिकवते आणि त्याआधी तिच्याबरोबर एका खोलीत राहिले आहे. ते बोट कुठून आलं ते मला ठाऊक आहे. तो डूख आहे. नागिणीनं धरावा तसा धरलेला, आणि माझ्या मते योग्य माणसावर धरलेला.

आम्ही दोघी नेकनूरच्या बाजूच्या. शिवकन्याचे वडील म्हाळूआबा मेंढरं राखतात. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचं, खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, पावसाळ्याला परत यायचं, असा त्यांचा वर्षाचा फेरा. लेक शिकते याचं त्यांना इतकं कौतुक, की तिनं वाचलेला पेपरसुद्धा घडी करून ठेवायचे. आम्ही बीडला खोली करून राहिलो ते परीक्षांसाठी. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक, जी जागा निघेल ती. आणि मराठीला क्लास लावला राधाकिशन सरांचा, कारण त्या वेळी बीडमध्ये उतारा म्हटलं की राधाकिशन सरच.

माणूस हुशार होता, ते मी नाकारत नाही. पाटलाच्या घरातला, अंगावर कायम कडक इस्त्री, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पेंगणारं पोरगं दचकून उठावं. पण जिभेला हाड नव्हतं. शेतमजुराचं पोर चुकलं तर त्याच्या खुरप्यावर बोलायचे, हमालाचं चुकलं तर पोत्यावर. पोरं हसायची आणि सरांना वाटायचं आपण लई विनोदी आहोत.

त्या दिवशीचा उतारा छोटाच होता. एक म्हातारा मेंढपाळ कळप घेऊन ओढ्याकाठी येतो. पलीकडे कोवळी ज्वारी डोलत असते. त्याच शेताच्या मालकाशी गेल्या साली झालेलं भांडण त्याला आठवतं आणि तो कळप माघारी वळवतो. प्रश्न होता, म्हाताऱ्यानं कळप माघारी का वळवला? एक पर्याय होता, मालकाशी पुन्हा भांडण नको म्हणून. दुसरा, कोवळी ज्वारी मेंढरांना बाधते म्हणून.

शिवकन्यानं दुसरा पर्याय लिहिला. लिहिणारच. कोवळी ज्वारी खाऊन मेंढरू उभ्या जागी कोसळताना तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. मेंढक्याच्या घरात पोराला चालता यायच्या आधी ही गोष्ट कळते. तो उतारा वाचताना तिला ओढा दिसला, ज्वारी दिसली, आणि भांडणाचं वाक्य तिच्या डोळ्यांखालून तसंच निघून गेलं.

सरांनी तिला उभं केलं. "हे उत्तर कावून लिहिलं?"

"सर, कोवळ्या ज्वारीत विष असतंय. आमच्या वडलांची मेंढरं..."

"बोट ठेव," सर म्हणाले. "विष कुठं लिहिलंय? बाधतं असं कुठं लिहिलंय? ठेव बोट."

तिनं बोट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नेलं. मग परत वर नेलं. सगळा वर्ग त्या बोटाकडं बघत होता.

"न्हाई ना? कसं सापडंल? उताऱ्यात तुझा बाप न्हाई, शिवकन्या. त्याला त्याच्या मेंढरात राहू दे. हितं कशाला घेऊन आलीस?"

वर्ग असा हसला की मागच्या पोरांनी बाक बडवले. मी दाराजवळ बसले होते. मला आधी उंबऱ्यापाशी पायताणं दिसली, मग घोंगडी, मग लाल पटका. म्हाळूआबा होते. कळप जवळच्या रानात बसवला होता म्हणून लेकीला डबा द्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डबा दोन्ही हातांनी उंबऱ्यावर ठेवला, आवाज होऊ नये इतका हळू, आणि वळून निघून गेले. लेकीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं मात्र त्यांची पाठ पाहिली.

खोलीवर येऊन तिनं तो डबा उघडला. बाजरीच्या भाकरी होत्या, लसणाची चटणी होती. तिनं सगळं संपवलं, बोटं चाटली, आणि मग म्हणाली, "मार्क गेला तो बराबरच गेला, स्वप्ना. माझं उत्तर खरं होतं, पण उताऱ्याचं न्हवतं. उतारा भांडणाचं सांगत होता, मी माझ्या मनचं वाचलं. ते मला कबूल हाय. पण त्यानं बाप कावून काढला? हे वाक्य मी त्याच्याच घशात घालणार. त्याच्याच तोंडानं बोट फिरवायला लावून."

"तोंडानं बोट कसं फिरवतात?" मी म्हटलं. ती हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

आबा नंतरही बीडला यायचे, बाजाराला, औषधाला. क्लासच्या गल्लीत मात्र त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. डबा एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचे आणि शिवकन्या स्टँडवरून घेऊन यायची. दर वेळी डबा हातात घेतला की तिचा जबडा आवळलेला दिसायचा. मला त्या डब्याचीच भीती वाटायला लागली होती.

नोकरी आम्हा दोघींनाही लागली नाही. परीक्षा निघायची, रद्द व्हायची, पुन्हा निघायची, शेवटी आम्ही शिकवायला लागलो. शिवकन्यानं मराठी घेतलं आणि त्यातही उतारा. सूड उगवायचा तर शत्रूचंच हत्यार हाती पाहिजे, हे तिचं गणित. आणि ती खरोखर तयार झाली. पोरांना सांगायची, "उत्तर तीन जागी असतंय. एक, ओळीत सरळ लिहिलेलं. दोन, ओळीतून निघणारं, म्हणजे ती ओळ खरी असंल तर ते खरं असावंच लागतं. तीन, तुमच्या डोक्यात. तिसऱ्या जागेचं उत्तर कितीबी खरं असू द्या, ते हितं चालत न्हाई." मग एक युक्ती शिकवायची. उत्तराच्या जागी दुसरंच उत्तर ठेवून उतारा पुन्हा वाचायचा. एकही वाक्य खोटं पडलं नाही, तर समजायचं की उताऱ्यानं आपलं पहिलं उत्तर सांगितलेलंच नाही.

घरी आल्यावर तिचा दुसरा उद्योग. राधाकिशन सरांच्या क्लासचे सराव पेपर मिळतील तिथून मिळवायचे आणि बोट घेऊन बसायचं. एका तरी उत्तराला ओळ नसेल, एका तरी. पण सर सापडायचेच नाहीत. माणूस नासका, पेपर मात्र चोख. कित्येकदा तिनं पेपर भिंतीवर भिरकावला. मी म्हणायचे, सोड आता. ती म्हणायची, "तू गणित कर."

मग यंदा बीडच्या काही क्लासवाल्यांनी मिळून आठवीच्या पोरांची एक सामायिक परीक्षा घ्यायचं ठरवलं. मराठीचा पेपर साहजिकच राधाकिशन सरांकडं. उत्तरतालिका लावायची, पोरांनी आक्षेप घ्यायचे, आणि आक्षेप तपासायला दोघीजणी: निवृत्त मुख्याध्यापिका सत्यभामा मॅडम आणि आमची शिवकन्या. तिची निवड कळली तेव्हा ती परातीत भाकरी थापत होती. थापतच राहिली. पण भाकरी अशी काही गरागरा फिरायला लागली की मी समजले.

उत्तरतालिका आली, आणि अखेर सापडलं.

सरांनी उतारा स्वतः लिहिला होता, आपल्या गावच्या शाळेवर. त्यात असं होतं: गुरं गोठ्यात परतली, कंदील लागले आणि पाटलांच्या ओट्यावर सभा भरली. पाटील म्हणाले, पोरांना शिकायला जागा हवी. दुसऱ्या महिन्यात गावाला शाळेसाठी जागा मिळाली. लोकांनी बाभळी तोडल्या, दगड वाहिले, भिंती उभ्या केल्या. खाली प्रश्न होता, शाळेसाठी जागा कोणी दिली? पर्याय होते पाटलांनी, सरकारनं, देवस्थाननं, आणि चौथा, उताऱ्यात सांगितलेले नाही. तालिकेतलं उत्तर, पाटलांनी.

शिवकन्याच्याच वर्गातली बबिता नावाची एक शेलाटी पोरगी चौथा पर्याय लिहून आली होती. तिनं आक्षेप नोंदवला. शिकवणीच तशी, दुसरं काय होणार.

"सराचं काय झालं असंल, कळलं का?" शिवकन्या मला म्हणाली. तिचे डोळे नुसते लकाकत होते. "ती जागा खरंच त्याच्या बापानं दिलेली हाय. लहानपणापासून ऐकलंय त्यानं. ते इतकं माहीत हाय की लिहायचंच राहून गेलं, आणि वाचताना त्याला ते लिहिल्यासारखं दिसतंय. माझी ज्वारी आणि त्याची जागा, एकच."

"मग पत्र लिहून कळव, दुरुस्ती करतील," मी उगाच म्हटलं.

"पत्र?" ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

सुनावणी सरांच्याच क्लासच्या हॉलमध्ये होती, त्याच गल्लीत. मास्तर, पालक, पोरं अशी बरीच गर्दी. आणि दाराशी, उंबऱ्याला लागून, खुर्चीवर सरांचे वडील बजरंग पाटील. रोज दुपारी ते तिथं येऊन बसायचे, चहा घ्यायचे, लेकाचा आवाज ऐकायचे. खूप थकलेले, धोतर पांढरंशुभ्र, कान मात्र तल्लख. शिवकन्यानं आत शिरताना त्यांना पाहिलं. नमस्कारही केला. मला वाटलं, आता जरा सबुरीनं घेईल. छे. उलट तिनं खुर्ची सरकवून अशी घेतली की तिचा आवाज दारापर्यंत जावा.

पहिला आक्षेप एका पालकाचा होता. सभा कधी भरली याचं उत्तर तालिकेत संध्याकाळी असं आहे, पण संध्याकाळ हा शब्द उताऱ्यात कुठंच नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी शिवकन्याकडं पाहिलं.

"शब्द नाही, पण उत्तर उताऱ्यातच आहे," शिवकन्या म्हणाली. "गुरं गोठ्यात परतली आणि कंदील लागले. ही दोन्ही सकाळी होत नाहीत, दुपारी होत नाहीत. दुपार घालून वाचून बघा, वाक्य लगेच खोटं पडतं. सरांचं उत्तर बरोबर आहे."

राधाकिशन सरांनी समाधानानं मान हलवली. मी चाटच पडले. मग लक्षात आलं, बाई आधी कुंपण घालते आहे. आता हिला कुणी पक्षपाती म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप बबिताचा. मॅडमनी विचारलं, "सर, जागा पाटलांनी दिली, हे कशावरून?"

सर मोठ्यानं हसले. "मॅडम, ह्याला काय पुरावा लागतो? अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक हाय. रस्त्याकडंची जागा आमच्या दादांनी दिली, फुकट दिली. हे काय, सोताच बसलेत दारात."

सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हातारा खुर्चीत जरा ताठ झाला. उपरणं नीट केलं.

"सर," शिवकन्या म्हणाली, "बोट ठेवा."

 सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी पेपर हातात घेतला. "ही काय ओळ. सभा पाटलांच्या ओट्यावर भरली."

"सभा भरली. जागा दिली असं न्हाई लिहिलं."

"पाटील म्हणाले, जागा हवी."

"हवी म्हणणारा देणाराच असतो का? जागा मागायला सभा घेतली असंल. पुढं वाचा."

"गावाला जागा मिळाली."

"कोणाकडून? पाटलाच्या जागी सरकार घालून वाचा. देवस्थान घालून वाचा. एक तरी ओळ खोटी पडते का?"

सरांचं बोट खाली गेलं. शेवटच्या ओळीवर थांबलं. मग परत वर आलं. तेच बोट, तीच वाट, मला अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, आनंदानं आला.

"अहो, पण हे खरं हाय ना!" सर ओरडले. "मी काय खोटं बोलतोय का?"

"खरं असंल. आष्टीहून जे पोरगं पेपर द्यायला आलं त्याला तुमच्या गावचं काय ठाऊक? त्याच्याजवळ उतारा हाय, बाकी काही न्हाई. मीबी एकदा खरं बोलले होते, सर. ह्याच क्लासात. कोवळ्या ज्वारीचं."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. खूप निरखून पाहिलं. "तुमी माझ्या क्लासात होता?" ते म्हणाले.

त्यांना आठवतच नव्हतं! ज्या वाक्यावर ही पोरगी एवढी वर्षं जळत राहिली, ते वाक्य त्या माणसाला आठवतही नव्हतं. ढोंग नव्हतं ते, मला दिसत होतं. शिवकन्याच्या मानेवरची शीर टरारून फुगली. मॅडम मध्ये बोलणार होत्या, पण ती थांबली नाही. उभी राहिली आणि एक एक शब्द सुटा करून, थेट दारापर्यंत ऐकू जाईल असं बोलली.

"उताऱ्यात तुमचा बाप न्हाई, सर. त्याला त्याच्या शेतात राहू द्या. हितं कशाला घेऊन आलात?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघंतिघं. मग पोरांना हसायला निमित्तच लागतं, सगळा हॉल हसला. सर लालबुंद झाले, पण बोट अजून पेपरवरच होतं, उचलायचं विसरले होते.

सत्यभामा मॅडमनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं. शिवकन्याला म्हणाल्या, "शेवटचं बोललात त्याची गरज नव्हती." पण निकाल तोच दिला. उत्तर बदललं, चौथा पर्याय बरोबर. बबिताला मार्क मिळाला. तिच्या नंबरात त्यानं काही फरक पडला नाही, आणि खरं सांगायचं तर शिवकन्यानं तिचा नंबर पाहिलाही नाही.

मी दाराकडं बघत होते. म्हाताऱ्याच्या हातात अर्धा चहा होता. त्यानं कप दोन्ही हातांनी खाली उंबऱ्यावर ठेवला, आवाज न करता. काठी धरून उठला. लेकाकडं न बघता गल्लीत उतरला आणि भिंतीच्या आधारानं चालायला लागला. पाठ किती वाकलेली होती. सर "दादा, दादा" करत मागं धावले, तोवर म्हातारा वळणापर्यंत गेला होता.

मी शिवकन्याला तिथून ओढतच बाहेर काढलं. म्हटलं, आज मी खिलवणार. स्टँडसमोर गरम भजी घेतली. मी बडबडत होते, सरांचं तोंड कसं झालं, बोट कसं अडकलं. तीही हसत होती, खूप दिवसांनी मोकळी हसत होती. म्हणाली, "थांब, आधी आबाला सांगते." फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

आबा रानात होते. मागं मेंढरांचं बें बें चाललं होतं, कुत्रं भुंकत होतं. शिवकन्यानं सगळं सांगितलं, आक्षेप, ओळी, बोट, आणि ते वाक्य. वाक्य सांगताना तर तिनं तोच आवाज काढला. रस्त्यावरचे दोन रिक्षावाले वळून बघायला लागले.

"आबा, तुमचा बदला घेतला," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत."

 आबांनी विचारलं, "त्येचा बाप हुता का तितं?"

"व्हय. दारातच."

"त्येनं ऐकलं?"

"ऐकलं. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले."

"मग काय म्हनला?"

"काईच न्हाई. उठून गेला."

फोनात नुसती मेंढरं ऐकू आली. शिवकन्यानं फोन जवळ धरला, तिला वाटलं रेंज गेली.

"मीबी काई म्हनलो न्हवतो," आबा म्हणाले, आणि मेंढरं पांगायला लागली होती म्हणून त्यांनी फोन ठेवला.